लग्न 5 मेला, देव्हारा 9 मेला: उशिरा आलेल्या आंदणाचं एक प्रकरण

मी तालुक्याच्या गावी अर्ज, नोटिसा आणि तक्रारी लिहून द्यायचं काम करतो. वकील नाही. हे प्रकरण माझ्या टेबलावरून गेलं. माणसांची, गावांची आणि विकणाऱ्याची नावं गाळली आहेत. रकमा आणि तारखा तशाच ठेवल्या, कारण सगळा खेळ तारखांचाच आहे.

पार्श्वभूमी

भाचीचं लग्न 5 मेला ठरलं होतं. मामा शेजारच्या जिल्ह्यातले, साडेचार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. आंदणात सागवानी देव्हारा द्यायचा असं त्यांनी बहिणीला साखरपुड्यातच सांगून ठेवलं होतं. गावच्या सुताराला वेळ नव्हता. मग मुलानं मोबाइलवर एका मोठ्या खरेदीच्या ॲपवर देव्हारा शोधला. विकणारा परराज्यातला होता. देव्हाऱ्याच्या पायथ्याशी पितळी पट्टी, तिच्यावर नवरा-नवरीचं नाव आणि लग्नाची तारीख कोरून मिळणार होती. किंमत 14,500 रुपये, सगळे आगाऊ.

ऑर्डर 12 एप्रिलला दिली. पट्टीवर काय कोरायचं ते लिहायला ॲपवर एक चौकोन होता. त्यात मुलानं दोघांची नावं आणि "5 मे" लिहिलं, आणि पुढं आपल्या मनानं एक ओळ जोडली: "लग्न 5 तारखेला आहे, त्याआधी पोचलं पाहिजे." ही ओळ पुढं किती कामी येणार आहे याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती. ऑर्डर पक्की झाल्याचा जो मेसेज आला, त्यात "3 मेपर्यंत पोच" असं होतं. पत्ता भाचीच्या माहेरचा दिला होता.

काय बिघडलं

26 एप्रिलला ॲपवर "पाठवलं" असं दिसलं. सगळे निर्धास्त झाले. 3 मेला देव्हारा आला नाही. 4 मेला सकाळी पाहिलं तर ॲपवरची पोच तारीख बदलून 11 मे झाली होती. जुनी तारीख कुठंच दिसेना.

हळदीच्या दिवशी दुपारी मामा तालुक्याला गेले आणि 16,000 रुपयांची लोखंडी आलमारी घेतली. टेम्पोचे 800 वेगळे. मामानं मांडवात रिकाम्या हातानं उभं राहायचं का, हा प्रश्न त्यांच्यासाठी पैशाचा नव्हताच. आलमारीची पावती कच्ची मिळाली, टेम्पोवाल्याची मिळालीच नाही.

लग्न झालं, पोरगी सासरी गेली. 9 मेला भाचीच्या भावाला कुरिअरवाल्याचा फोन आला: गावात गाडी येत नाही, फाट्यावर या. पोट्टा गेला, ओटीपी सांगितला, खोका मोटरसायकलच्या मागं बांधून घरी आणला. देव्हारा सुबक होता, पट्टीवर "5 मे" झळकत होतं.

त्याच संध्याकाळी मामांचा मला फोन. "भाऊ, आता हे वापस होते का नाही जी? का पैसे बुडाले?"

पहिला निर्णय: ठेवायचं की नाकारायचं

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला देव्हारा ठेवून भरपाई पाहिजे, का देव्हारा नको आणि पैसे पाहिजेत?" दोन्ही वाटा कायद्यात आहेत, पण वेगवेगळ्या आहेत, आणि बहुतेक लोक दोन्हीच्या मध्ये उभे राहून "उशीर झाला, काहीतरी करा" एवढंच लिहून पाठवतात. तेवढ्यानं काही होत नाही.

वस्तू ठेवायची असेल तर भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 55 आडवं येतं. ठरलेली वेळ हाच कराराचा गाभा असताना वस्तू उशिरा आली आणि तुम्ही ती स्वीकारली, तर उशिराबद्दलची भरपाई नंतर मागता येत नाही. अपवाद एकच. स्वीकारतानाच "मी भरपाई मागणार आहे" असं समोरच्याला कळवलं असलं पाहिजे. ही अट फार लोकांना माहीत नसते. खोका घरात येतो, चार दिवस बघण्यात जातात, आठव्या दिवशी तक्रार जाते आणि समोरचा म्हणतो, तुम्ही तर गुपचूप ठेवून घेतलं.

नाकारायचं असेल तर वस्तू विक्री अधिनियम 1930 कामी येतो. कुरिअरवाल्याकडून खोका हातात घेणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. स्वीकार होतो तो तुम्ही तसं कळवलं तर, वस्तू आपलीच असल्यासारखी वापरली तर, किंवा नकार न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त दिवस ठेवून घेतली तर. म्हणजे पोट्ट्यानं ओटीपी दिला म्हणून सगळं संपलं नव्हतं. याच कायद्याच्या कलम 43 मध्ये खेड्यातल्या माणसासाठी मोलाची गोष्ट आहे. नाकारायचा हक्क असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर माल परत नेऊन पोचवायची जबाबदारी घेणाऱ्यावर नाही. नाकारतो एवढं कळवलं की पुरे. ज्या गावात कुरिअर फाट्यापर्यंतच येतं, तिथं तीन फूट उंच लाकडी देव्हारा परत पाठवायचा कसा, हा मामांचा मोठा घोर होता. तो तिथंच सुटला.

मामांना देव्हारा नको होता. "तारीख गेलेली वस्तू पोरीच्या घरी काहून पाठवू?" मामींचं मत वेगळं होतं. आलाच आहे तर देव बसवू, असं त्या म्हणत होत्या. मी हात जोडले आणि सांगितलं, देव बसवले की वस्तू वापरली, आणि वस्तू वापरली की नकार संपला. खोका पुन्हा बांधून भाचीच्या माहेरी, कापूस ठेवतात त्या खोलीत ठेवला. त्याआधी चारही बाजूंनी, पट्टीसकट आणि खोक्यावरच्या कागदासकट फोटो काढले.

त्या रात्री आठ वाजता ॲपच्या तक्रार खिडकीत, विकणाऱ्याला आणि ॲपच्या ईमेलवर एकच मजकूर गेला:

"ऑर्डर 3 मेपर्यंत पोचवण्याचं तुम्ही कळवलं होतं. लग्नाची तारीख ऑर्डरच्या वेळीच लिहून दिली होती. वस्तू आज 9 मेला आली. ती मी स्वीकारत नाही. ती न वापरता ठेवली आहे, तुमच्या खर्चानं घेऊन जा. 14,500 रुपये परत करा. उशिरामुळे झालेल्या खर्चाची भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे."

शेवटचं वाक्य दोन्ही वाटा उघड्या ठेवण्यासाठी घातलं. उद्या ग्राहक आयोगात जावं लागलं आणि त्यानं नकार मानला नाही तर निदान कलम 55 ची सूचना त्याच दिवशी गेलेली राहावी.

विकणाऱ्याचं म्हणणं आणि ते कुठं ढिलं पडलं

ॲपवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी तक्रार क्रमांक दिला. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याला 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिनाभरात तड लावावी लागते, त्यामुळे पोच वेळेवर येते. तड मात्र लागली नाही. विकणाऱ्याची उत्तरं हप्त्याहप्त्यानं आली. एकेक पाहू, कारण अशा प्रकरणांत जवळपास हीच चार उत्तरं येतात.

पहिलं: नाव कोरून दिलेली वस्तू परत घेत नाही, तसं पानावर लिहिलं आहे. ही अट मन बदललेल्या माणसासाठी ठीक आहे. नाव कोरलेला देव्हारा दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, हे खरंच आहे. पण त्याच 2020 च्या नियमांतला नियम 6 सांगतो की सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विकणाऱ्यानं नकार द्यायचा नाही. त्यात कोरलेल्या वस्तूचा अपवाद नाही.

दुसरं: 3 मे ही अंदाजे तारीख होती. इथं आमची फजिती होणार होती, कारण ॲपवर तर आता 11 मेच दिसत होता. जुन्या तारखेचा स्क्रीनशॉट कुणीच काढला नव्हता. ऑर्डरचा पहिला एसएमएस मुलाच्या मोबाइलमध्ये शिल्लक होता म्हणून निभावलं. त्यात "अंदाजे" हा शब्द नव्हता. आणि शब्द असता तरी, लग्नाची तारीख लिहून दिलेली असताना ऑर्डर घेतली, हा मुद्दा राहिलाच असता.

तिसरं: अवकाळी पावसानं वाहतूक अडली. नियम 6 मध्ये अपवाद आहे तो याचाच. उशीर माणसाच्या आवाक्याबाहेरच्या कारणानं झाला असेल तर परताव्याचं बंधन लागू होत नाही. आणि विदर्भात त्या आठवड्यात पाऊस खरंच झाला होता. म्हणून मी कुरिअरच्या संकेतस्थळावर पार्सलच्या नंबरवरून पूर्ण प्रवास काढला. 26 एप्रिलला "पाठवलं" दिसत होतं, तो फक्त लेबल छापल्याचा दिवस होता. कुरिअरवाल्यानं खोका प्रत्यक्ष उचलल्याची नोंद 2 मे, संध्याकाळी पावणेसातची. 3 मेला पोचवायची वस्तू 2 मेच्या संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याच्याच गोदामात होती. नागपूरला ती 7 तारखेला आली. पाऊस आमच्याकडं पडत होता तेव्हा देव्हारा पावसापासून हजार किलोमीटर लांब, कोरडा होता.

सगळ्या कागदांत हा एक कागद सर्वांत जड ठरला. उशिराचं प्रकरण आलं की मी आता आधी हेच पाहतो: लेबल कधीचं, उचल कधीची. दोहोंत अंतर असेल तर दोष वाटेचा नाही.

चौथं: आम्ही कुरिअरला दिलं, पुढचं त्यांना विचारा. कुरिअरच्या मागं लागू नका, असं मी मामांना आधीच सांगितलं होतं. कुरिअरचा करार विकणाऱ्याशी, मामांशी नाही. शिवाय कुरिअरच्या पावतीमागं जबाबदारीची मर्यादा छापलेली असते, आणि सही केलेल्या अशा मर्यादेला सर्वोच्च न्यायालयानं 1996 सालीच मान्यता दिली आहे. त्या प्रकरणातही पाकीट न पोचल्यामुळे मालाचा हंगाम निघून गेला होता, तरी मिळाली ती छापील मर्यादेइतकीच रक्कम. 3 मेचं वचन विकणाऱ्याचं होतं, तर जाबही त्यालाच.

समोर कोणते पर्याय होते

मे संपता संपता ॲपकडून 1,000 रुपयांचं कूपन देऊ केलं गेलं. मुलगा म्हणाला, घेऊन टाकू. कूपन वापरलं की "तक्रार मिटली" अशी नोंद होण्याचा धोका होता, म्हणून नको असल्याचं लेखी कळवलं.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. फोन मराठीतून झाला. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडं पाठवते आणि समेट घडवू पाहते, हुकूम मात्र देत नाही. पंधरा दिवसांत विकणारा 7,250 वर आला, म्हणजे निम्म्यावर. मामा डळमळले. पेरणी तोंडावर होती, बियाण्याला पैसे लागत होते. हा दुसरा खरा निर्णयाचा क्षण. मी त्यांना काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: निम्मे आत्ता हातात, की पूर्ण कदाचित दिवाळीला. आयोगात गेलं तर खर्च माझ्या लिखाणाचा, नोटरीचा आणि दोन-चार एसटी फेऱ्यांचा. आयोगाची फी शून्य, कारण वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत. हरलात तर निम्मेही गेले. मामा दोन दिवस विचार करून म्हणाले, "अर्धे घेतले त अर्धी चूक माही झाली ना."

काय केलं

तक्रार मामांनी स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केली. विकणारा परराज्यात आणि वस्तू पोचली दुसऱ्या जिल्ह्यात, तरी चालतं. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 34 नं तक्रारदार राहतो तिथं तक्रार करायची मुभा दिली. बिलाच्या तळाशी "वाद आमच्या शहराच्या न्यायालयातच" असं छापलेलं होतं, ते पाहून मुलगा घाबरला होता. पण या कायद्यानं दिलेली वाट इतर कायद्यांच्या जोडीला आहे, अशी छापील ओळ ती बंद करत नाही. मुदत दोन वर्षांची, तिची चिंता नव्हती.

विरुद्ध पक्ष दोन केले, विकणारा आणि ॲप. विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता ॲपला दाखवावाच लागतो. तो ऑर्डरच्या पानावर मिळाला.

मागणी लिहिताना मामांशी माझा वाद झाला. त्यांना आलमारीचे 16,000 पूर्ण पाहिजे होते, वर देव्हाऱ्याचे 14,500. मी म्हटलं, देव्हाऱ्याचे पैसे परत आले तर आलमारी तुम्ही आंदण म्हणून दिलीच आहे, ती फुकट कशी मागता? करार अधिनियमाच्या कलम 73 प्रमाणे भरपाई मिळते ती उशिरातून सरळ निघालेल्या किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीची. लग्नाची तारीख लिहून दिली होती, म्हणून ऐनवेळी दुसरी वस्तू घ्यावी लागेल हे विकणाऱ्याला कळायला हवं होतं. पण त्यातलं नुकसान म्हणजे जास्तीचा खर्च, 1,500 रुपये, आणि टेम्पोचे 800. शेवटी मागणी अशी झाली: परतावा 14,500, जादा खर्च 2,300, मनस्तापाचे 20,000, तक्रारीच्या खर्चाचे 5,000. एकूण 41,800. मनस्तापाच्या आकड्याला कुठलाही हिशेब नसतो. तो आयोगाच्या मर्जीवर असतो, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूवर 20,000 मिळतील असं मला स्वतःलाही वाटत नव्हतं. मामांसाठी लिहिला.

निकाल

तक्रार जुलैत दाखल झाली. ॲपनं उत्तर दिलं की आम्ही फक्त बाजार भरवतो, माल आमचा नाही. विकणारा पहिल्या तारखेला आलाच नाही. उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात, तेवढे संपत आले तेव्हा त्याच्या वकिलाचा फोन आला. कुरिअरचा उचल-कागद त्यांनी पाहिला होता हे बोलण्यातून कळत होतं. पावसाचा विषय त्यांनी काढलाच नाही.

वकिलानं एक मुद्दा मात्र बरोबर धरला: आलमारीची पावती कच्ची, टेम्पोची नाहीच, आणि आलमारी म्हणजे देव्हाऱ्याच्या बदल्यातली वस्तू कशी? याला आमच्याकडं चांगलं उत्तर नव्हतं. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली, 14,500 परतावा आणि वर सगळं मिळून 6,000. आयोगासमोर लेखी नोंदवून घेतली, पैसे खात्यात आल्यावरच तक्रार बंद करायची अशा अटीवर. पैसे तीन आठवड्यांनी आले.

लढलो असतो तर जास्त मिळालं असतं का? परतावा नक्की मिळाला असता असं मला वाटतं. वरची रक्कम 6,000 च्या पुढं गेली असती की मागं आली असती, सांगता येत नाही. मामा समाधानी होते, मी अर्धा.

आज हेच प्रकरण आलं तर

ऑर्डर पक्की झाल्याच्या मिनिटाला पोच तारखेचा स्क्रीनशॉट काढायला सांगेन. एसएमएस राहिला ते नशीब होतं. 4 मेला सकाळी, तारीख बदललेली दिसल्याबरोबर, विकणाऱ्याला लिहायला सांगेन: उद्या लग्न आहे, आज संध्याकाळपर्यंत येत नसेल तर ऑर्डर रद्द समजा आणि मी दुसरी वस्तू घेत आहे. हे एक वाक्य गेलं असतं तर आलमारीचा जादा खर्च पक्क्या पायावर उभा राहिला असता, आणि 9 तारखेला फाट्यावर खोका घ्यायचाच नव्हता. हळदीच्या घरात हे कुणाला सुचणार, हेही खरं. पण तेवढं लिहायला मोबाइल आणि पाच मिनिटं लागतात. पक्की पावती दुकानदारानं कटकट केली तरी घ्यायलाच लावेन.

वाढदिवसाच्या भेटीचंही असंच मोजायचं, फक्त तिथं एक अडचण जास्त आहे. देव्हाऱ्यावर तारीखच कोरायची होती, म्हणून विकणाऱ्याला ती माहीत नव्हती असं म्हणायची सोय नव्हती. पोराच्या वाढदिवसाला मागवलेल्या सायकलीवर तारीख नसते. पत्त्याच्या खाली किंवा संदेशाच्या चौकोनात ती लिहून दिली नाही तर परतावा मिळेल, पण वाढदिवस हुकल्याची भरपाई मागताना विकणारा विचारेल, मला कुठं सांगितलं होतं?

तडजोडीत देव्हारा पंधरा दिवसांत घेऊन जायचं विकणाऱ्यानं कबूल केलं होतं. सोळाव्या दिवशी त्याच्या माणसाचा फोन आला, गाडीभाडं परवडत नाही, तुम्हीच ठेवा. मी ते मेसेजवर लिहून मागवलं. मेसेज आल्यावर भाचीच्या आईनं कापसाच्या खोलीतून खोका बाहेर काढला आणि मामींना फोन लावला.